लाईट गेली नाही, तरी बॅटरी गेली

"तीन वर्षांत लाईट पाच-सहा वेळा गेली असेल, आणि तीही दहा-दहा मिनिटं. मग बॅटरी संपली कशी? आम्ही वापरलीच कुठे?"

सोलापुरातल्या एका लहानशा पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा हा प्रश्न होता. मार्चअखेरीचे दिवस होते. व्याजाच्या नोंदी चालू असताना दुपारी वीज गेली. टेबलाखालच्या यूपीएसने दोन बीप दिले आणि कॉम्प्युटर त्याच क्षणी काळा पडला. अर्ध्या दिवसाचं काम पुन्हा करावं लागलं. यूपीएस अडीच हजारांचा, साध्या घरगुती जातीचा. घेतल्याला दोन वर्षं आठ महिने झाले होते. आता कोणी म्हणतं नवा यूपीएस घ्या, कोणी म्हणतं बॅटरी बदला, आणि न वापरलेल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे का मोजायचे, हे त्यांना समजत नव्हतं.

यूपीएस आणि इन्व्हर्टरच्या देखभालीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि या प्रश्नाशिवाय माझा एकही महिना जात नाही. विचारणाऱ्यांना फसवणुकीचा संशय येतो आणि तो समजण्यासारखा आहे. न चालवलेलं शिवणयंत्र वीस वर्षांनीही चालतं. कपाटात ठेवलेलं भांडं झिजत नाही. बॅटरीच तेवढी का झिजावी?

उत्तर असं, की ती वापरात नव्हती हेच खरं नाही. वीज असतानाचा प्रत्येक तास ती चार्जरला जोडलेली होती, आणि तो चार्जर तिला भरलेली ठेवण्यासाठी जे करत होता त्यातूनच ती आतून खाल्ली जात होती. ते कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

लहान यूपीएसमध्ये बहुतेक वेळा एकच बॅटरी असते: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास. बाजारात हिला 'सात एएच' किंवा 'एसएमएफ' म्हणतात. आकाराने जाडजूड शब्दकोशाएवढी, वजन दोन किलोंच्या वर, कारण आत बहुतांश शिसं. तिच्यात दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे म्हणजे सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये काही प्लेटा आलटून-पालटून लावलेल्या, एक धन, एक ऋण. दोन प्लेटांच्या मध्ये काचेच्या बारीक तंतूंची टिपकागदासारखी गादी आणि त्या गादीत शोषलेलं गंधकाम्ल. मोकळं ॲसिड डचमळत नाही, म्हणून ही बॅटरी आडवी ठेवली तरी सांडत नाही. घरच्या इन्व्हर्टरची मोठी बॅटरी वेगळी. तिच्यात ॲसिड भरपूर असतं, वरची झाकणं उघडतात आणि दर काही महिन्यांनी आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो. एसएमएफला झाकणच नाही. तिच्या नावातला 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द लोक 'काहीच होत नाही' असा वाचतात. त्याचा अर्थ एवढाच, की हिच्यात पाणी घालावं लागत नाही. घालताही येत नाही.

प्लेट म्हणजे शिशाचा सपाट पत्रा नव्हे. खिडकीच्या जाळीसारखी शिशाची एक जाळी असते आणि तिच्या घरांत लगदा थापलेला असतो. वीज साठवण्याचं काम लगद्याचं. जाळी त्याला धरून ठेवते आणि वीज बाहेरच्या टोकापर्यंत पोचवते. धन प्लेटवरचा लगदा म्हणजे शिशाचा तपकिरी डायऑक्साइड, ऋण प्लेटवरचा म्हणजे करडं, भुसभुशीत, स्पंजासारखं शुद्ध शिसं. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही लगदे ॲसिडमधलं गंधकाम्ल घेऊन शिशाच्या सल्फेटमध्ये बदलतात. चार्ज करताना ते परत मूळ रूपात येतात. हा लगद्यांचा खेळ उलट-सुलट होत राहतो. जाळीचं मात्र तसं नाही, आणि गोष्टीतली मेख तिथेच आहे.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने पहिली शिशाची बॅटरी बनवली तेव्हा तिच्यात लगदा नव्हताच. शिशाचे दोन साधे पत्रे, मध्ये वेगळेपणासाठी पट्ट्या, सगळं सुरळीसारखं गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवलेलं. नुसत्या पत्र्यात वीज फारशी साठत नव्हती. म्हणून प्लांते ती पुन्हा पुन्हा चार्ज करत राहिला, उतरवत राहिला, दिशा उलटवत राहिला. दर वेळी पत्र्याचा थोडा थोडा थर धातूचा डायऑक्साइड बनत गेला, आणि जितका थर जाड तितकी बॅटरी दमदार. हे करायला महिनोन् महिने लागायचे. पुढे १८८१ च्या सुमारास कामिय फोरने शिशाच्या ऑक्साइडचा तयार लगदाच पत्र्यावर लिंपण्याची युक्ती काढली, आणि ती प्रतीक्षा संपली. आजची जाळी-लगद्याची प्लेट याच वाटेने आली.

पण जाळी अजून शिशाचीच आहे, आणि प्लांतेने जे मुद्दाम केलं ते तिच्यावर आपोआप चालू राहतं. धन बाजूला जो विद्युतदाब असतो त्या दाबाला गंधकाम्लात बुडालेलं धातुरूप शिसं टिकू शकत नाही. ते डायऑक्साइड होऊ पाहतं. वर आधीच बसलेला डायऑक्साइडचा थर या बदलाला बराच आवर घालतो, म्हणून तो दिवसांत न होता वर्षांत होतो. तो थांबत मात्र कधीच नाही. ज्या क्रियेने बॅटरी जन्माला आली तीच क्रिया तिचा सांगाडा खात राहते. तिला वीज जाण्या-येण्याशी देणंघेणं नाही. फक्त वेळ आणि उष्णता या दोन गोष्टींशी आहे.

आता चार्जर. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, साधारण २५ अंश तापमानाला महिन्याला सुमारे तीन टक्के. वीज केव्हा जाईल हे यूपीएसला माहीत नसतं, म्हणून तो तिला कायम काठोकाठ ठेवतो. त्यासाठी तिच्यावर सतत १३.५ ते १३.८ व्होल्टचा दाब लावलेला असतो. या अवस्थेला आमच्या धंद्यात 'फ्लोट' म्हणतात. यापेक्षा दाब कमी ठेवला तर बॅटरी पूर्ण भरत नाही. जास्त ठेवला तर जाळी वेगाने खाल्ली जाते आणि पाण्याचं विघटन वाढतं. मधली पट्टी अरुंद आहे, आणि त्या पट्टीत अगदी बरोबर ठेवली तरी झीज शून्यावर येत नाही, फक्त कमीत कमी राहते. पतसंस्थेची बॅटरी पावणेतीन वर्षं दिवसरात्र याच दाबाखाली होती. वीज गेलेला वेळ सगळा मिळून तासभरही भरला नसता. उरलेले तेवीस हजारांहून जास्त तास ती फ्लोटवर होती.

झिजलेली जाळी नुसती पातळ होत नाही, फुगतेही. शिशाचा डायऑक्साइड झाला की तो मूळ धातूपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त जागा घेतो. मुंबईत, कोकणात जुन्या इमारतींच्या स्लॅबचा गिलावा पडलेला सगळ्यांनी पाहिला असेल. आतली सळई गंजते, गंज जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. प्लेटमध्ये हेच घडतं. जाळीच्या काड्या ताणल्या जातात, प्लेट लांब-रुंद होते, आणि घरांमध्ये घट्ट बसलेला लगदा काड्यांपासून सुटतो. लगदा चांगला असला तरी त्याची वीज बाहेर यायला वाट उरत नाही.

दुसरं नुकसान पाण्याचं, आणि ते पहिल्याच्या हातात हात घालून येतं. जाळीच्या शिशाला डायऑक्साइड व्हायला ऑक्सिजन लागतो. तो पाण्यातून येतो. शिशाचा एक अणू बदलला की पाण्याचे दोन रेणू खर्ची पडतात. त्यांतला ऑक्सिजन जाळीत अडकतो आणि हायड्रोजन ऋण प्लेटवर वायू होऊन निघतो. सीलबंद बॅटरीत एक सुंदर सोय आहे: चार्ज होताना धन प्लेटवर सुटलेला ऑक्सिजन काचेच्या गादीतून पलीकडे जातो आणि ऋण प्लेटवर पुन्हा पाणी होतो. त्या सोयीमुळेच ही बॅटरी बंद डब्यात वर्षानुवर्षं चालते. पण जाळीत अडकलेला ऑक्सिजन परत येत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीचा हायड्रोजनही एकटाच राहतो. दाब वाढला की तो प्रत्येक सेलवरच्या रबरी झडपेतून निसटतो. पाणी गेलं ते गेलं. गादी कोरडी पडू लागते, प्लेटेला नीट टेकत नाही, आणि बॅटरीच्या आतला विजेचा अडथळा वाढतो.

पतसंस्थेची बॅटरी मी वर्कशॉपमध्ये नेऊन उघडली. (घरी कोणी हे करू नये. सुकलेल्या दिसणाऱ्या गादीतही डोळा घालवायला पुरेसं ॲसिड असतं आणि शिशाची धूळ श्वासात जाते. मी हातमोजे, चष्मा आणि शेजारी खायच्या सोड्याचं पाणी घेऊन बसतो.) वरची पट्टी निघाल्यावर सहा काळ्या रबरी टोप्या दिसल्या. नव्या बॅटरीची टोपी काढली तर आतली गादी ओली, चकाकती दिसते. हिची पांढरी आणि निस्तेज होती. चौथा सेल बाहेर काढला. ऋण प्लेटची जाळी मऊ होती, वाकवली तर वाकली, अगदी शिशासारखी. धन प्लेट चिमट्यात धरताच तिचा कोपरा खारीसारखा चुरला. काड्यांच्या जागी गडद तपकिरी रेघा होत्या, आणि मधोमध केसाएवढा धातू उरला होता. एकाच डब्यात, एकाच ॲसिडमध्ये, एकाच वयाच्या दोन प्लेटा, आणि एक धड, दुसरीचा चुरा. व्यवस्थापकांना मी फोटो पाठवला तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फारसं बोलावं लागलं नाही.

मग प्रश्न उरतो तो असा, की इतकी खंगलेली बॅटरी आधी कळली कशी नाही? यूपीएसवरचा हिरवा दिवा शेवटपर्यंत हिरवा होता. मी मीटर लावला तेव्हा चार्जरवर १३.६ आणि चार्जर काढून काही तासांनी १२.८ व्होल्ट दिसले. नव्या बॅटरीचा आकडाही जवळपास असाच येतो. इथे भले भले फसतात, दुकानदारसुद्धा.

कारण नुसता मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच वीज मागत नाही. न बोलावता बसलेल्या माणसाची तब्येत कशी कळणार? त्याला जिना चढायला सांगावं लागतं. त्यांचा कॉम्प्युटर, मॉनिटर आणि मोडेम मिळून १२० वॅट घेत होते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना यूपीएसमध्ये काही वाया जातं, म्हणून बॅटरीला साधारण १५० वॅट द्यावे लागतात, म्हणजे साडेबारा अँपिअर. नव्या बॅटरीचा आतला अडथळा मोजला तर मिलीओहममध्ये पंचवीसच्या आसपास येतो. साडेबारा अँपिअर वाहताना त्यात ०.३ व्होल्ट खर्च होतात. १२.८ मधून ०.३ गेले तरी साडेबारा उरतात, यूपीएस आरामात चालतो.

या बॅटरीचा अडथळा १५० मिलीओहम होता, म्हणजे सहापट. सुरुवातीलाच सुमारे १.९ व्होल्ट आत जिरले. यूपीएसला तर १५० वॅट हवेतच, त्यामुळे दाब घसरला की तो जास्त अँपिअर खेचतो. जास्त अँपिअर खेचले की आत आणखी व्होल्ट जिरतात आणि दाब आणखी घसरतो. हिशोब केला तर तो १०.७ च्या आसपास येऊन ठेपतो. साडेदहाला यूपीएस स्वतःला बंद करतो, कारण त्याखाली गेल्यास बॅटरी कायमची खराब होते. म्हणजे काठावर उरले फक्त ०.२ व्होल्ट, आणि जोर लावलेल्या बॅटरीचा दाब काही सेकंदांत तेवढा खाली येतोच. दोन बीप आणि अंधार. बॅटरीत वीज होती. ती हव्या त्या वेगाने बाहेर येऊ शकत नव्हती. त्याच बॅटरीवर मी नंतर पाच वॅटचा एलईडी दिवा लावला, तो कितीतरी वेळ जळत राहिला.

आता उष्णतेबद्दल, कारण आपल्याकडे खरी मारेकरी तीच. या बॅटरीच्या माहितीपत्रकात आयुष्य तीन ते पाच वर्षं लिहिलेलं असतं आणि शेजारी लहान अक्षरांत २० किंवा २५ अंश. ही अट वाचली जात नाही. रासायनिक क्रिया उष्णतेत वेग घेतात, आणि शिशाच्या बॅटरीसाठी ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं. २५ अंशांना चार वर्षं टिकणारी बॅटरी ३५ ला दोन वर्षं, ४५ ला एक वर्ष. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश सहज असतात. त्या कार्यालयात पंखा होता, एसी नव्हता. मी दुपारी बॅटरीच्या अंगाला तापमापक लावला तेव्हा खोलीत ३८ आणि बॅटरीवर ४४ होते. जास्तीचे सहा अंश यूपीएसच्या स्वतःच्या डब्यातले. आत ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर सतत कोमट असतात, आणि हा डबा टेबलाखाली, भिंतीला चिकटून, वर फायलींचा गठ्ठा ठेवलेला, हवा जायला वाव नाही असा होता. हिवाळ्यातल्या रात्री बॅटरीला विश्रांती मिळते, म्हणून वर्षाचा हिशोब ४४ अंशांवर करायचा नाही. पण उन्हाळ्याचा एक दिवस हिवाळ्याच्या तीन-चार दिवसांएवढी झीज करतो, त्यामुळे सरासरी तापमान दिसतं त्याहून बॅटरीला जड पडतं. दोन वर्षं आठ महिने हे त्या बॅटरीचं अकाली मरण नव्हतं. तिने जितकं द्यायचं तितकं दिलं होतं.

यात एक भर चार्जरची. बॅटरी गरम झाली की तिला फ्लोटचा दाब थोडा कमी लागतो, अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्ट. ४० अंशांच्या बॅटरीसाठी तो ०.३ ने खाली यायला हवा. मोठ्या यूपीएसमध्ये त्यासाठी तापमान पाहून दाब बदलणारी सोय असते. स्वस्त यूपीएसमध्ये ती सहसा नसते. म्हणजे नेमक्या उन्हाळ्यात बॅटरीवर गरजेपेक्षा जास्त दाब राहतो, तिच्यात जास्त वीज शिरते, ती आणखी तापते. हे टोकाला गेलं की बॅटरी फुगते. पोटं पुढे आलेल्या बॅटऱ्या यूपीएसमधून ओढून काढताना डबा कापावा लागल्याचे प्रसंग माझ्याकडे अनेक आहेत. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून ठेवू नये. यूपीएस बंद करून, प्लग काढून ती त्याच दिवशी बाहेर काढावी.

मग उपाय म्हणून कोणी म्हणेल, चार्जर काढूनच ठेवू. पतसंस्थेच्या शेजारच्या एका दुकानात नेमकं हेच झालं होतं, नकळत. रात्री निघताना तिथला मुलगा भिंतीवरचं बटण बंद करायचा, यूपीएसचं नाही. यूपीएसला वाटायचं वीज गेली. तो बॅटरीवर चालू व्हायचा, कुलूपबंद दुकानात कोणी ऐकायला नसताना ओरडत राहायचा आणि बॅटरी तळापर्यंत उतरवून गप्प व्हायचा. सकाळपर्यंत ती तशीच रिकामी, रविवारी तर पूर्ण दिवस. या बॅटरीचा घात वेगळ्या रोगाने झाला. उतरलेल्या बॅटरीतलं शिशाचं सल्फेट ताजं असतं तोवर बारीक कणांचं असतं आणि चार्जिंगला सहज विरघळतं. तसंच पडून राहिलं तर लहान कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर बसत जातात, आणि असे कडक स्फटिक चार्जिंगला दाद देत नाहीत. ती बॅटरी सात महिन्यांत बसली. सुट्टीवर जाताना, शाळा-कॉलेज उन्हाळ्यात बंद असताना यूपीएस आधी पूर्ण चार्ज करून त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, नंतर भिंतीचं बटण. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा भरून घ्यावा. एवढं केलं तरी तो कपाटात काही अमर होत नाही, फक्त या दुसऱ्या रोगापासून वाचतो. त्याच कारणाने स्वस्त मिळाली म्हणून जास्तीची बॅटरी घेऊन माळ्यावर ठेवू नये, आणि दुकानातून घेताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख बघावी. वर्षभर कोपऱ्यात पडलेली 'नवी' बॅटरी नवी नसते.

जाड जाळी लावून हे सगळं टाळता येत नाही का? येतं, आणि दूरसंचार केंद्रांत तशा बॅटऱ्या असतात. त्यांच्या प्लेटा जाड असतात, दहा-वीस वर्षांच्या हिशोबाने बनवलेल्या. पण यूपीएसला लहान डब्यातून थोडा वेळ भरपूर वीज हवी असते. त्यासाठी ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग जास्त लागतो, म्हणजे पातळ आणि जास्त प्लेटा. पातळ जाळी लवकर खाल्ली जाते. लहान यूपीएसच्या बॅटरीचं कमी आयुष्य ही तिच्या चणीतच ठरलेली गोष्ट आहे.

पतसंस्थेला मी नवी बॅटरी बसवून दिली, यूपीएस तोच ठेवला. तो धड होता. जुनी बॅटरी परत घेऊन तिचे पैसे वजा केले. ती भंगारवाल्याला देऊ नका हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण उघड्यावर भट्टी लावून शिसं वितळवणाऱ्यांपर्यंत ती पोचली तर त्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं जातं. विक्रेत्याकडे परत दिली तर ती रीतसर कारखान्यात जाऊन तेच शिसं पुन्हा बॅटरीत येऊ शकतं. यूपीएस टेबलाखालून काढून खिडकीपासून दूर, मोकळ्या फळीवर ठेवला, वरचा फायलींचा गठ्ठा हलवला. बॅटरीवर मार्करने तारीख लिहिली.

आणि चाचणी लावून दिली. वर्षातून दोनदा, कामाचा दिवस संपल्यावर, कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा. यूपीएसला जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे तारेचे बल्ब एक लावायचे, एलईडी चालणार नाही, त्याला वीज फारच कमी लागते. बॅटरी आदल्या रात्रभर चार्ज झालेली हवी. मग भिंतीचं बटण बंद करून घड्याळ लावायचं आणि बल्ब विझेपर्यंतची मिनिटं वहीत लिहायची. लगेच बटण चालू करून रात्रभर चार्ज. यूपीएसची स्वतःची चाचणी काही सेकंदांची असते, तिच्यावर विसंबू नये. पहिला आकडा नव्या बॅटरीचा, तोच मापदंड. तो ८० टक्क्यांवर आला की बॅटरी बदलायची. हा ८० चा आकडा या जातीच्या बॅटऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही आहे, आणि त्यामागे अनुभव आहे: तिथपर्यंत घसरण सावकाश असते, त्यानंतर जाळीच्या काड्या एकामागून एक तुटू लागतात आणि काही महिन्यांत बॅटरी कोसळते.

पहिल्या दिवशी वहीत २० मिनिटं लिहिली गेली, आणि त्याखाली मी लाल शाईने १६ लिहून ठेवले. पुढचे आकडे व्यवस्थापक स्वतः लिहीत गेले: २०, १९, १९, १८. या मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"पंधरा आली हो. मार्चअखेर निभावली हिने. पण आता नवी घेऊन या."

मी बॅटरीवरची तारीख विचारली. दोन वर्षं दोन महिने झाले होते.

"मीटर लावून बघितला, साडेतेरा दाखवतोय," ते पुढे म्हणाले, "पण त्याचं काही ऐकायचं नाही, एवढं आता कळलंय."

दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलताना मी जुनीचा अडथळा मोजला. ६२ मिलीओहम होता.